साहेबांसमोरच्या पाच स्लाइड्स : एका ठाकुरवाडीच्या पाण्याची मांडणी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाची वस्ती एकच नाही. ठाकर समाज डोंगराच्या पायथ्याला किंवा सोंडेवर जिथे जिथे वसला, तिथे तिथे हे नाव सापडते. बोरघाट चढणाऱ्या लोहमार्गावरही पळसदरी आणि खंडाळ्याच्या मध्ये रेल्वेचे एक ठिकाण याच नावाचे आहे. त्यामुळे अलिबागला जिल्हा परिषदेत कोणी ‘ठाकुरवाडी : पाणीप्रश्न’ असा मथळा असलेली पीपीटी उघडली, की समोरच्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणती ठाकुरवाडी? उत्तर पुढे कुठेतरी नकाशावर असते. ते सापडेपर्यंत बैठकीची पहिली दोन मिनिटे जातात.

वरिष्ठांसाठी सादरीकरण करताना नेमके असेच होते. माहिती सगळी असते, पण ज्या क्रमाने ती समोरच्याला लागते त्या क्रमाने नसते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या एका बैठकीत दहा-बारा विषय असतात. आपल्या विषयाला पाच-सात मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. त्या वेळात त्यांना ठाकर समाजाचा इतिहास, वाडीचे भौगोलिक स्थान आणि पाण्याचे महत्त्व ऐकायचे नसते. काय ठरवायचे आहे, कशाच्या आधारावर, आणि नाही ठरवले तर काय होईल, एवढेच त्यांना हवे असते.

म्हणून या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. कर्जत तालुक्यातली एक ठाकुरवाडी, २४० माणसांची. पाण्याला डोंगरातला एक झरा. पंचायत समितीतल्या एका तरुण कर्मचाऱ्याला या वाडीसाठी साठवण टाकी मंजूर करून घ्यायची आहे आणि त्यासाठी सीईओंसमोर पीपीटी दाखवायची आहे. वाडीची लोकसंख्या आणि झऱ्याची मोजमापे सरावासाठी धरलेली आहेत. ती कोणत्याही प्रत्यक्ष वाडीची नाहीत. मोजायची रीत आणि मांडणीचे नियम मात्र कुठल्याही वाडीला लागू पडतील असे आहेत.

कॉम्प्युटर उघडण्याआधीचे वाक्य

पहिले काम कागदावर करायचे. साहेबांनी बैठकीतून उठताना कोणते वाक्य मनात घेऊन उठावे, ते एका ओळीत लिहायचे. आपल्या उदाहरणात ते असे होईल : ‘या वाडीला दहा हजार लिटरची साठवण टाकी मंजूर करावी, तिने फेब्रुवारी-मार्चची टंचाई मिटेल, एप्रिल-मेसाठी टंचाई आराखड्यात वेगळी तरतूद लागेल.’

या वाक्यात मागणी आहे, तिचा फायदा आहे आणि तिची मर्यादाही आहे. ही मर्यादा बहुतेक जण शेवटच्या स्लाइडवर किंवा मनातच ठेवतात. ती पहिल्याच वाक्यात आली, तर साहेब तिच्यावरून आपल्याला पकडू शकत नाहीत. उलट पुढच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास बसतो. असे वाक्य लिहिता येत नसेल, तर अडचण स्लाइडची नसते. आपल्याला काय हवे हे अजून आपलेच ठरलेले नसते आणि तेव्हा पीपीटी बनवायला बसू नये.

हे वाक्य तयार झाले की त्याला आधार देणारी विधाने वेगळी काढायची. झऱ्याचे पाणी कोणत्या महिन्यांत अपुरे पडते, हे एक. टाकीने त्यात काय फरक पडतो, हे दुसरे. टाकीच्या जागेत काय अडचण आहे, हे तिसरे. प्रत्येक विधानाला एक स्लाइड. सुरुवातीला मागणीची एक आणि शेवटी निर्णयांची एक धरून झाल्या पाच. वाडीतली शाळा, अंगणवाडी, रस्ता, स्थलांतर हे सगळे महत्त्वाचे असले तरी टाकीच्या निर्णयाला त्यांचा आधार लागत नाही. ते या पीपीटीत येत नाहीत.

आकडा साहेबांच्या मापात

झऱ्याचे पाणी मोजायला महागडे यंत्र लागत नाही. पंधरा लिटरची बादली आणि मोबाईलचे घड्याळ पुरते. झऱ्याची धार एका पाइपातून किंवा पन्हाळीतून बादलीत घ्यायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते पाहायचे. तीनदा मोजून मधली वेळ घ्यायची. मोजायचे ते पहाटे, बायका पाण्याला यायच्या आधी. आणि मोजायची ती धार. झऱ्याखालच्या खड्ड्यात रात्रभर साचलेले पाणी उपसून मोजले तर आकडा फुगतो.

समजा डिसेंबरात बादली तीस सेकंदांत भरली, जानेवारीत चाळीस, फेब्रुवारीत साठ, मार्चमध्ये नव्वद. एप्रिलमध्ये तिला तीन मिनिटे लागली आणि मेमध्ये सहा. कर्जतच्या पट्ट्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण उतार तीव्र आणि खाली काळा कातळ, त्यामुळे बहुतेक पाणी वाहून जाते. जे थोडे जमिनीत मुरते त्यावर झरा उन्हाळ्यापर्यंत तग धरतो, म्हणून ही उतरण अशी वेगाची.

आता कच्चा माल हाती आहे. हा जसाच्या तसा स्लाइडवर टाकला तर काय दिसेल? ‘बादली भरायला लागणारा वेळ, सेकंदांत.’ या आलेखात मेचा स्तंभ सर्वांत उंच येईल आणि बघणाऱ्याला वाटेल मेमध्ये सर्वांत जास्त काहीतरी आहे. वेळ वाढला म्हणजे पाणी कमी झाले, हा उलटा हिशेब साहेबांना मनात करावा लागेल. दुसरा पर्याय म्हणजे दिवसाचे एकूण लिटर : डिसेंबरात ४३,२००, मेमध्ये ३,६००. हे बरोबर आहे, पण ३,६०० लिटर म्हणजे कमी की पुरेसे, हे या आकड्यावरून कळत नाही.

साहेब निर्णय घेतात ते माणशी लिटरवर. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण ठरले आहे आणि ते त्यांना तोंडपाठ असते. म्हणून दिवसाच्या लिटरला २४० ने भागायचे. डिसेंबर १८०, जानेवारी १३५, फेब्रुवारी ९०, मार्च ६०, एप्रिल ३०, मे १५. एवढा भागाकार आपण घरी केला, की साहेब १५ हा आकडा बघतात आणि शेजारी ५५ ठेवतात. त्यांना दुसरे काही सांगावे लागत नाही.

मथळा म्हणजे विधान

आपल्याकडच्या बहुतेक पीपीटींत मथळे विषयाचे नाव सांगतात : ‘पाण्याची सद्यस्थिती’, ‘सांख्यिकी माहिती’, ‘प्रस्तावित उपाययोजना’. असा मथळा वाचून काहीच कळत नाही. बघणाऱ्याला खालचे सगळे वाचून निष्कर्ष स्वतः काढावा लागतो आणि तो आपल्याला हवा तोच निघेल याची खात्री नसते. त्याऐवजी मथळा पूर्ण वाक्याचा, क्रियापद असलेला लिहावा : ‘झऱ्याचे पाणी एप्रिल आणि मेमध्ये गरजेच्या खाली जाते.’ मथळा चांगला की वाईट हे ओळखायची एक सोपी खूण आहे. समोरचा त्यावर ‘हे मला पटत नाही’ असे म्हणू शकतो का? ‘पाण्याची सद्यस्थिती’ या मथळ्याला पटण्या-न पटण्यासारखे काही नाही.

मथळा चुकला की काय होऊ शकते, याचे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण कोलंबिया यानाचे आहे. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज स्लाइड्सवर मांडून नासाला दाखवला. त्यातल्या एका स्लाइडच्या मथळ्याचा सूर दिलासा देणारा होता : चाचण्यांच्या माहितीवरून आपले अंदाज सावध बाजूचे दिसतात, अशा अर्थाचा. खाली एकात एक गुंतलेले अनेक पातळ्यांचे मुद्दे होते. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी बातमी होती : चाचणीत वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा होता, यानावर आदळलेला अंदाजे १,९२० घनइंचांचा. म्हणजे त्या चाचण्या या प्रसंगाला लागूच नव्हत्या. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटले आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. अपघाताला त्या एका स्लाइडपेक्षा मोठी कारणे होती, पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची दखल वेगळी घेतली. ती स्लाइड एकाच वेळी दोन गोष्टी सांगत होती आणि मोठ्या अक्षरांतली गोष्ट चुकीची होती.

एका स्लाइडवर एकच संदेश, या नियमाचे कारण इथे दिसते. दोन संदेश ठेवले की त्यांतला एक मथळ्यात जातो आणि दुसरा तळाशी. घाईत असलेला वरिष्ठ मथळा वाचतो आणि पुढे जातो. म्हणून एखादी बाब निर्णय बदलू शकत असेल, तर तिला स्वतःची स्लाइड आणि स्वतःचा मथळा मिळालाच पाहिजे.

आपल्या पाच स्लाइड्सचे मथळे ओळीने असे येतील. पहिला : ‘अमुक ग्रामपंचायतीतल्या ठाकुरवाडीला दहा हजार लिटरची साठवण टाकी हवी’. इथेच ग्रामपंचायत, तालुका आणि लोकसंख्या एका ओळीत यावी, म्हणजे ‘कोणती ठाकुरवाडी’ हा प्रश्न उरत नाही. दुसरा : ‘झऱ्याचे पाणी एप्रिल आणि मेमध्ये गरजेच्या खाली जाते’. तिसरा : ‘टाकीने फेब्रुवारी-मार्च निभावतो, एप्रिल-मे निभावत नाही’. चौथा : ‘टाकीची जागा वनजमिनीत असल्याने वनविभागाची परवानगी लागेल’. पाचवा : ‘आज दोन निर्णय हवेत’. हे पाच मथळे सलग वाचून पाहावेत. खालचे काहीच न पाहता गोष्ट समजली, तर पीपीटी जमली. मध्येच कुठे दुवा तुटला, तर तिथे स्लाइड कमी आहे किंवा चुकीच्या जागी आहे.

दुसऱ्या स्लाइडचा आलेख

या स्लाइडवर एक आलेख, बाकी काही नाही. कोणता आलेख? कर्मचाऱ्याचा हात आधी पाय चार्टकडे जातो, कारण तो रंगीत दिसतो. पण सहा महिन्यांचे पाणी पाय चार्टमध्ये टाकले तर तो फक्त एवढेच सांगेल की एकूण पाण्यातला कितवा हिस्सा कोणत्या महिन्यात आला. आपला प्रश्न हिश्शाचा नाहीच, गरजेपेक्षा कमी की जास्त हा आहे, आणि गरजेची रेघ पाय चार्टवर मारता येत नाही. शिवाय डोळ्याला कोन आणि क्षेत्रफळ यांची तुलना नीट जमत नाही. एकाच पायरेषेवर उभ्या असलेल्या उंचींची तुलना बरीच अचूक जमते. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून हे दाखवले. म्हणून साधे उभे स्तंभ. त्रिमितीय स्तंभ नकोत, कारण त्यांचा माथा नेमका कोणत्या आकड्याला लागतो हे कळत नाही आणि आपला सगळा मुद्दा माथा रेघेच्या वर की खाली यावर उभा आहे.

एक्सेलमध्ये तीन रकाने करायचे : महिना, माणशी लिटर आणि गरज. गरजेच्या रकान्यात सहाही ओळींत ५५. मग आलेखाचा `Combo` हा प्रकार निवडून माणशी लिटरला स्तंभ आणि गरजेला रेषा द्यायची. स्तंभांचे माप शून्यापासूनच सुरू झाले पाहिजे. ते दहापासून सुरू केले तर मेचा १५ हा स्तंभ जवळजवळ नाहीसा होतो आणि परिस्थिती आहे त्याहून भयंकर दिसते. एखाद्या जाणत्या अधिकाऱ्याने हे पकडले, तर त्याचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

एवढे झाल्यावर एक्सेलने आपणहून दिलेल्या बऱ्याच गोष्टी काढायच्या आहेत. मागच्या आडव्या रेघा काढाव्यात. डावीकडचे आकडे काढून प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर त्याचा आकडा द्यावा. ते दोन्ही ठेवले तर एकच माहिती दोनदा वाचावी लागते. खाली किंवा बाजूला येणारी रंगांची सूची काढावी आणि गरजेच्या रेषेच्या टोकालाच लिहावे : ‘गरज, माणशी ५५ लिटर’. सूची ठेवली की बघणाऱ्याची नजर स्तंभ आणि सूची यांच्यात ये-जा करत राहते. शेवटी रंग. डिसेंबर ते मार्च हे चार स्तंभ फिकट करडे, एप्रिल आणि मे हे दोन गडद. मथळ्यात ज्या दोन महिन्यांचे नाव आहे त्यांनाच रंग मिळाला, की नजर मथळ्यावरून थेट तिथे जाते.

डिसेंबरचा १८० चा स्तंभ मात्र अडचण करतो. तो इतका उंच आहे की त्याच्या शेजारी ५५ ची रेघ खाली दबून जाते आणि ३० व १५ यांच्यातला फरक बारीक दिसतो. इथे डिसेंबर दाखवायलाच हवा का, हे मथळ्याला विचारावे. मथळा उन्हाळ्याबद्दल बोलतो आहे. झरा कसा उतरत जातो हे दाखवायला जानेवारीपासूनचे पाच महिने पुरेसे आहेत. डिसेंबरचे मोजमाप मागे जोडलेल्या तक्त्यात ठेवावे. काढलेली माहिती निष्कर्ष उलटवणारी असती तर हे गैर ठरले असते. डिसेंबरात पाणी भरपूर आहे, याने एप्रिलची टंचाई खोटी ठरत नाही.

स्लाइडच्या तळाशी एक बारीक ओळ मात्र हवी : मोजमाप कोणी, केव्हा आणि कसे केले. ‘महिन्यातून एकदा, पहाटे, बादली आणि घड्याळाने, जनावरांचे पाणी हिशेबात नाही.’ ही ओळ नसेल तर पहिला प्रश्न तोच येतो.

तिसरी स्लाइड आणि रात्रीचा प्रश्न

आता टाकीचा हिशेब. झरा चोवीस तास वाहतो, पण समजा लोक पहाटे पाच ते संध्याकाळी सात असे चौदा तास पाणी भरतात. उरलेल्या दहा तासांचे पाणी ओढ्याला जाते. टाकी ते धरून ठेवते. फेब्रुवारीत टाकीशिवाय माणशी साधारण ५२ लिटर हाती लागते, टाकीने ९०. मार्चमध्ये ३५ चे ६० होतात. एप्रिलमध्ये १७ चे ३० आणि मेमध्ये ९ चे १५. आलेखात प्रत्येक महिन्याला दोन स्तंभ, फिकट टाकीशिवायचा आणि गडद टाकीसह, आणि तीच ५५ ची रेघ. फेब्रुवारी आणि मार्चचे गडद स्तंभ रेघ ओलांडतात. एप्रिल आणि मेचे ओलांडत नाहीत. मथळ्याने सांगितलेले सगळे चित्रात दिसते.

टाकी दहा हजार लिटरचीच का, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. फेब्रुवारीत ताशी ९०० लिटर येते, म्हणजे दहा तासांत ९,०००. त्याहून मोठी टाकी भरणारच नाही. हे उत्तर स्लाइडवर लिहायचे नाही, पण तोंडावर असले पाहिजे.

हा आलेख दिसायला नेटका आहे आणि नेमकी इथेच फसगत होऊ शकते. चौदा तासांचे गृहीतक खरे आहे का? हिवाळ्यात असेल. पण मेमध्ये बादली भरायला सहा मिनिटे लागतात तेव्हा बायका रात्री झऱ्यावरच थांबतात, हंडे रांगेत लावतात, पाळीपाळीने भरतात. म्हणजे मेमध्ये रात्रीचे पाणी वाया जातच नाही. ते आधीच घरात येते आहे, फक्त झोप मोडून. तसे असेल तर मेमध्ये टाकीशिवायचा आकडा ९ नसून १५ च्या जवळ आहे आणि टाकीने पाणी वाढत नाही, रात्रीची रांग बंद होते. फायदा खराच आहे, पण वेगळा आहे आणि त्याला लिटरच्या स्तंभात दाखवणे चुकीचे आहे.

आलेखाच्या सुबकतेवरून हे कळत नाही. ते वाडीत विचारूनच कळते : एप्रिलमध्ये रात्री झऱ्यावर कोणी असते का, किती वाजेपर्यंत? उत्तर ‘हो’ आले तर या स्लाइडवर फेब्रुवारी आणि मार्च हे दोनच महिने ठेवावेत आणि एप्रिल-मेबद्दल एक वाक्य लिहावे : ‘या दोन महिन्यांत टाकीने पाणी वाढणार नाही, रात्रीची रांग थांबेल.’ प्रत्येक आलेखाखाली असे एखादे गृहीतक असते. ज्याने आलेख काढला त्याने ते शोधून, वाडीत जाऊन तपासलेले असावे. नाही तर बैठकीला आलेला ग्रामसेवक किंवा सरपंच ते साहेबांसमोर बोलून दाखवतो.

महिना की दिवस

पाण्याच्या टंचाईसाठी महिना हे माप योग्य आहे, कारण झरा हळूहळू उतरतो आणि टंचाई आराखडाही तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांनी होतो. पण याच डोंगरात दुसऱ्या प्रश्नाला हेच माप घातक ठरेल. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतल्या इरशाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. आधीच्या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधानसभेत सांगण्यात आले.

हाच पाऊस महिन्यांच्या स्तंभांत दाखवला असता तर जुलैचा स्तंभ नेहमीसारखा उंच दिसला असता. या भागात जुलै दरवर्षीच उंच असतो. तीन दिवसांत पडलेला पाऊस आणि तीस दिवसांत पसरून पडलेला तेवढाच पाऊस, दोन्ही त्या स्तंभात सारखेच मिसळून जातात. उतारावरच्या वाडीला कधी हलवायचे हा निर्णय तासांत घ्यायचा असतो. त्यासाठीच्या आलेखात दिवसांचा, शक्य तर तासांचा पाऊस आणि तीन दिवसांची बेरीज दिसली पाहिजे. निर्णय ज्या वेगाने घ्यायचा, त्या वेगाचे माप आडव्या अक्षावर असावे.

अक्षरे, रंग आणि दुसऱ्याचा कॉम्प्युटर

मराठी पीपीटीचे सर्वांत मोठे दुखणे फॉन्टचे आहे. आपल्या कार्यालयात जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर अलिबागच्या कॉम्प्युटरवर उघडला की तिथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड दिसते. उपाय एकच : सगळे युनिकोडमध्ये टाइप करावे. `Mangal`, `Nirmala UI` किंवा `Noto Sans Devanagari` यांपैकी एक फॉन्ट निवडावा आणि सगळीकडे तोच ठेवावा. पॉवरपॉइंटच्या `Save` पर्यायांत `Embed fonts in the file` हे निवडता येते. तरीही पेनड्राइव्हवर पीडीएफची एक प्रत असावीच.

देवनागरीत वेलांट्या, रफार आणि मात्रा वर, उकार आणि जोडाक्षरांचे पाय खाली जातात. त्यामुळे त्याच मापाच्या इंग्रजी अक्षरापेक्षा मराठी अक्षर लहान दिसते. मथळा ३० ते ३२ पॉइंटचा, मजकूर २४ चा आणि आलेखावरचे आकडे निदान १८ चे ठेवावेत. मथळा दोन ओळींत मावत नसेल तर अक्षर लहान करू नये, वाक्य लहान करावे. जाड अक्षर मथळ्यापुरते ठेवावे, कारण लहान मापात जाड केले की ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या फटी बुजतात. आणखी एक बारीक गोष्ट : मजकुरात देवनागरी आकडे आणि आलेखात इंग्रजी, अशी सरमिसळ एक्सेलमुळे हमखास होते. दोन्हीकडे एकच काय ते ठेवावे.

रंगांची परीक्षा प्रोजेक्टरवर होते. दिवसा, पडदे नसलेल्या सभागृहात फिकट पिवळा आणि पोपटी भिंतीवर उमटतच नाहीत. लाल आणि हिरव्यातला फरक अनेक पुरुषांना दिसत नाही. आणि साहेबांच्या टेबलावर जाते ती बहुधा काळी-पांढरी झेरॉक्स. म्हणून गडद आणि फिकट एवढ्याच फरकावर आलेख वाचता आला पाहिजे. तपासायची रीत सोपी आहे. एका पानावर चार स्लाइड्स अशी काळी-पांढरी प्रिंट काढावी आणि हात लांब करून धरावी. मथळा, रेघ आणि गडद स्तंभ दिसले तर काम झाले.

उरलेल्या दोन स्लाइड्स आणि मागची पाने

चौथ्या स्लाइडवर आलेख नाही, दोन-तीन ओळी आहेत. अनेक ठाकुरवाड्या वनजमिनीला लागून किंवा वनजमिनीतच आहेत, त्यामुळे टाकीचा प्रस्ताव तिथे अडकतो. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) नुसार पिण्याच्या पाण्यासारख्या ठरावीक सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. त्यात हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नसतात आणि ग्रामसभेची शिफारस लागते. स्लाइडवर लिहायचे ते कायद्याचे कलम आणि आपल्या वाडीत ती शिफारस झाली आहे की नाही. ठराव झाला नसेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि तो कधी होणार ती तारीख द्यावी. कायद्याचा उतारा चिकटवू नये.

पाचव्या स्लाइडवर फक्त दोन वाक्ये : टाकीच्या कामाला प्रशासकीय मान्यता, आणि एप्रिल-मेसाठी टंचाई आराखड्यात वाडीचे नाव. प्रत्येकासमोर कोणी करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत. या स्लाइडनंतर ‘धन्यवाद’ची स्लाइड लावू नये. चर्चा चालू असताना भिंतीवर निर्णयच दिसत राहिले पाहिजेत.

कापून टाकलेली माहिती फेकायची नाही. डिसेंबरसह सर्व मोजमापांचा तक्ता, टाकीच्या मापाचा हिशेब, अंदाजपत्रक, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणि जागेचा नकाशा ही मागची पाने. ती आपणहून दाखवायची नाहीत. साहेबांनी विचारले की त्या पानावर थेट जायचे. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबले की ती उघडते. म्हणून मागच्या पानांचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवावेत.

पीपीटी तयार झाल्यावर ती वाडीच्या प्रश्नाशी संबंध नसलेल्या एका सहकाऱ्याला द्यावी. प्रत्येक स्लाइड पाच सेकंद दाखवून बंद करावी आणि विचारावे, काय कळले. त्याने मथळ्यातले विधान आपल्या शब्दांत सांगितले तर ती स्लाइड ठेवावी. त्याने ‘झऱ्याबद्दल काहीतरी होते’ असे म्हटले, तर ती बैठकीला नेऊ नये.